शिक्क्यावरचं अक्षर: जाड म्हणजे स्पष्ट नव्हे

सोसायटीचा किंवा लहान कार्यालयाचा शिक्का करायला टाकताना स्टॅम्पवाल्याला हमखास सांगितलं जातं: ‘अक्षर जाड ठेवा, म्हणजे नीट उठेल.’ बरेचसे शिक्के या वाक्यामुळेच बिघडतात.

गैरसमज: जितकं जाड अक्षर, तितका स्पष्ट ठसा.

ठसा उमटताना रबर दाबलं जातं आणि शाई कागदात थोडी पसरते. त्यामुळे प्रत्येक रेघ शिक्क्यावर असते त्यापेक्षा कागदावर जाड येते. बारीक रेघ मात्र झिजते किंवा अर्धवट उठते, म्हणून बारीक, नाजूक फाँट टाळायचा हे बरोबरच. पण देवनागरीत रेघेइतकीच तिच्या आतली पोकळीही महत्त्वाची असते. ‘ष’ हा ‘प’पासून वेगळा ओळखू येतो तो त्याच्या पोटातल्या तिरप्या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेमुळे. ती शाईने भरली की ‘ष’ आणि ‘प’ दोन्ही काळे ठोकळेच दिसतात. अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो आणि ‘द्ध’ची गाठ होते.

म्हणून सारख्या जाडीच्या रेघांचा, साधा, उघड्या पोकळीचा फाँट घ्यावा आणि त्याचं सर्वांत जाड रूप न घेता मीडियम किंवा सेमीबोल्ड निवडावं. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ मोफत मिळतो आणि त्यात सात वजनं आहेत. त्याच संस्थेचा ‘बलू’ दुकानाच्या पाटीवर छान दिसतो, पण त्याची जाड रूपं शिक्क्याच्या लहान ओळीत भरून येतात. आणखी एक सापळा संगणकाच्या बोल्ड बटणाचा आहे. फाँटमध्ये खरं बोल्ड रूप नसेल, तर बरीच सॉफ्टवेअर बाह्यरेषा नुसती फुगवतात. त्यात रेघ जाड होते, पण पोकळीला वाढीव जागा कोणी देत नाही.

गैरसमज: शिक्का केवढाही असो, सगळा मजकूर बसवता येतो.

मजकूर बसतो, पण वाचता येत नाही. समजा, ‘श्रद्धा सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’, खाली नोंदणी क्रमांक आणि दोन ओळींचा पत्ता, हे सगळं ३८ × १४ मिलिमीटरच्या शिक्क्यावर हवं आहे. वर-खाली मिलिमीटरभर कड सोडली, तर चार ओळींना प्रत्येकी तीन मिलिमीटर मिळतात. त्यातच वर वेलांटी आणि रफार, खाली ‘गृ’चा ऋकार मावायचा. म्हणजे अक्षर सहा-सात पॉइंटांपलीकडे जात नाही आणि शिरोरेघेखालचा भाग जेमतेम सव्वा मिलिमीटरचा उरतो. एवढ्याशा जागेत ‘द्धा’ची गाठ सुटी राहणं अवघड आहे. इंग्रजी मोठी अक्षरं याच मापात निभावतात, कारण त्यांना वर-खाली मात्रा नसतात.

तोच शिक्का ४७ × १८चा घेतला आणि पत्ता काढून टाकला, तर चित्र बदलतं. पत्ता लेटरहेडवर असतोच. पहिल्या ओळीत ‘श्रद्धा सहकारी’, दुसरीत ‘गृहनिर्माण संस्था मर्यादित’, तिसरीत नोंदणी क्रमांक. प्रत्येक ओळीला पाच मिलिमीटरहून जास्त जागा मिळते आणि अक्षर दहा-अकरा पॉइंटांचं ठेवता येतं. माझ्या मते फाँट बदलण्याआधी मजकूर छाटावा. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच फाँटने पडत नाही.

गोल शिक्क्यात अडचण वाढते. वरच्या कमानीवर अक्षरांचे पाय एकमेकांजवळ येतात, उकार शेजारच्या अक्षराला लागतात आणि शिरोरेघ जागोजाग तुटते. तिथे अक्षरांमधलं अंतर हाताने वाढवून घ्यावं लागतं आणि नाव लांब असेल तर व्यास वाढवावा लागतो.

गैरसमज: ठसा पुसट किंवा भरलेला येतो, म्हणजे शाई घाला.

पुसट असेल तर शाई कमी असू शकते. पण अक्षरं भरून येत असतील तर शाई जास्त झालेली असते, नाहीतर पोकळीत कागदाचे तंतू आणि वाळलेली शाई साचलेली असते. साध्या चिकटपट्टीने हलकेच टिपलं की बराचसा मळ निघतो. थिनर लावू नये, रबर खराब होतं. शाईही शिक्क्याच्या प्रकाराप्रमाणेच हवी: स्वतः शाई घेणाऱ्या शिक्क्यांच्या पॅडला बहुधा पाण्यावर आधारित शाई लागते आणि फ्लॅश शिक्क्याला त्याची स्वतःची तेलकट शाई. अदलाबदल झाली की शिक्का वाया जाऊ शकतो.

शिक्का करायला देण्याआधी स्टॅम्पवाल्याकडून मजकुराची खऱ्या मापातली प्रिंट मागून घ्या. संगणकाच्या पडद्यावर मोठं करून दाखवलेलं मान्य करू नका. ती प्रिंट हातभर अंतरावर धरा आणि ‘ष’, ‘द्ध’, अनुस्वार यांच्या आतली पांढरी जागा दिसते का ते पाहा. प्रिंटमध्येच ती दिसत नसेल, तर शाईच्या ठशात ती दिसणार नाही. मग मजकूर कमी करा किंवा मोठा शिक्का घ्या.