परदेशी भेट: दुकानातून थेट की मधल्या पत्त्यावरून?

नाशिकची बहीण आणि इंग्लंडमध्ये स्लाउ गावी राहणारा तिचा भाऊ, असं उदाहरण घेऊ. दिवाळीला तिला तीन वस्तू पाठवायच्या आहेत: वहिनीला 3,500 रुपयांची हातमागाची साडी, भावाला 2,200 रुपयांची पितळी समई आणि भाचीला 1,400 रुपयांची मराठी गोष्टींची पुस्तकं. तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या वेबसाइटवर मिळाल्या. साडीवाले परदेशात थेट पाठवतात. समईवाले आणि पुस्तकवाले फक्त भारतातच.

अशा वेळी दोन वाटा असतात. पहिली सरळ आहे: दुकानाला स्लाउचा पत्ता द्यायचा, पैसे भरायचे आणि बाकी दुकानावर सोडायचं. दुसऱ्या वाटेत वस्तू आधी भारतातल्याच एका पत्त्यावर मागवायच्या, तिथे एका खोक्यात भरायच्या आणि मग परदेशी धाडायच्या. हे काम करणाऱ्या पार्सल फॉरवर्डिंग कंपन्या आहेत. नाव नोंदवलं की त्या आपल्या गोदामाचा पत्ता आणि आपला एक स्वतंत्र नंबर देतात.

बहुतेक लोक या दोन वाटांची तुलना कुरियरच्या दरावरून करतात. माझ्या मते पहिला प्रश्न दराचा नाहीच. ब्रिटनचं कस्टम्स खातं त्या पार्सलला भेट मानणार की खरेदी, हे आधी पाहायला हवं.

ब्रिटनमध्ये 39 पौंडांपर्यंतच्या भेटीवर व्हॅट लागत नाही. पण भेट म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला काही निमित्ताने पाठवलेली, तिच्या स्वतःच्या वापराची वस्तू. कंपनीने पाठवलेलं पार्सल या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे साडी दुकानातून थेट गेली, तर बहिणीच्या मनात ती कितीही भाऊबिजेची असली तरी कस्टम्सच्या लेखी ती विकलेली वस्तू ठरते. 135 पौंडांपर्यंतच्या अशा मालावर आयात शुल्क नसतं, मात्र 20 टक्के व्हॅट असतो आणि 2021 पासून तो विक्रेत्यानेच विक्रीच्या वेळी घ्यायचा असतो. म्हणून थेट पाठवणाऱ्या दुकानाची परीक्षा पैसे भरण्याच्या पानावर होते. तिथे कराची वेगळी ओळ दिसली किंवा सर्व कर धरून किंमत असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असलं, तर निर्धास्त पुढे जावं. तसा उल्लेखच नसेल, तर ते बिल भावाच्या दारात उभं राहण्याची शक्यता मोठी. टपालाने आलेल्या पार्सलवर कर निघाला की रॉयल मेल तो कर आणि वर 8 पौंड हाताळणी शुल्क भरल्याशिवाय पार्सल देत नाही. भेट मिळालेल्या माणसाला आधी पैसे मोजायला लागणं यासारखा विरस नाही.

आता दुसरी वाट. सोयीसाठी एका पौंडाचे 115 रुपये धरू. साडी साधारण 30 पौंडांची, समई 19 ची, पुस्तकं 12 ची. एका खोक्यात भरून फॉर्मवर नुसतं ‘भेटवस्तू’ लिहिलं, तर किंमत 61 पौंडांच्या पुढे जाते आणि सवलत हातची सुटते. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकांवर व्हॅट शून्य आहे, पण साडी आणि समईवर मिळून सुमारे 10 पौंड कर बसतो. त्यात 8 पौंड शुल्क धरलं, की भावाला दोन हजार रुपयांचा फटका.

हे कायदेशीरपणे टाळता येतं. एका पार्सलमधल्या प्रत्येक भेटीला स्वतंत्र सवलत मिळते, मात्र त्या भेटी वेगवेगळ्या व्यक्तींसाठी असाव्या लागतात, प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळलेली असावी लागते आणि कस्टम्सच्या फॉर्मवर तिची वेगळी किंमत लिहिलेली असावी लागते. म्हणजे साडी वहिनीच्या नावाच्या वेष्टनात, समई भावाच्या, पुस्तकं भाचीच्या आणि फॉर्मवर तीन ओळी. प्रत्येक वस्तू 39 पौंडांच्या आत, त्यामुळे कर नाही. ‘किंमत कमी लिहा, कोण बघतंय’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. खोटी किंमत लिहिणं गुन्हा तर आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीच्या हिशेबाने मागावी लागते.

इथे फॉरवर्डिंग कंपनीला दोन प्रश्न आधीच लेखी विचारावेत. पाठवणारा म्हणून लेबलवर माझं नाव जाणार की कंपनीचं? कंपनीचं जाणार असेल, तर भेटीची सवलत धोक्यात येते. आणि तिन्ही वस्तू वेगळ्या गुंडाळून, नावं घालून द्याल का?

कुरियरचा खर्चही समजून घ्यायला हवा, कारण तो फक्त वजनावर ठरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल, तर त्यावर पैसे लागतात. आपल्या तीन वस्तूंचं वजन खोक्यासकट 4 किलो भरलं असं समजा. दुकानांची खोकी तशीच एका मोठ्या खोक्यात ठेवली आणि ते 35 बाय 30 बाय 25 झालं, तर हिशेब 5.25 किलोवर जातो. तीच खोकी काढून, समईचे भाग सुटे करून 30 बाय 25 बाय 20 मध्ये बसवलं, तर आकारमानाचा आकडा 3 वर येतो आणि खऱ्या 4 किलोचेच पैसे पडतात. गोदामाला ‘दुकानाची खोकी काढा’ असं सांगावं लागतं. न सांगता ते होईलच असं नाही.

मधल्या पत्त्याची खरी अडचण परतीची असते. दुकानाची परत करण्याची मुदत वस्तू गोदामात पोचली त्या दिवसापासून धावू लागते. समईची एक वात-पळी वाकडी आहे हे स्लाउला कळून उपयोग नाही. म्हणून गोदामाकडून लगेच फोटो मागवावेत, साडीचा पदर उघडून दाखवायला सांगावा. पत्त्यात आपला नंबर राहून गेला, तर पार्सल शेकडो खोक्यांत बेवारस पडून राहतं, तेव्हा तो नावाच्या ओळीतही लिहावा. डिलिव्हरीचा ओटीपी आपल्या फोनवर येतो आणि माणूस उभा असतो गोदामाच्या दारात, याचीही तजवीज हवी.

फराळाचा मोह होईल, पण भारतातून ब्रिटनला दुधाचे पदार्थ पाठवायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तुपाची बरणी यातलं काही घातलं, तर ते जप्त होऊ शकतं. ते तिकडच्याच भारतीय दुकानातून घरपोच मागवावं.

फक्त साडी पाठवायची असती आणि दुकानाने कर आधीच घेतला असता, तर मी थेट वाटच निवडली असती. तीन दुकानं आली की मधला पत्ता लागतोच. पण तो कंपनीचाच असायला हवा असं नाही. बहिणीचं नाशिकचं घर हाही मधला पत्ताच आहे. वस्तू तिथे येतील, ती स्वतः तपासेल, बिघडलेली परत करेल, तीन वेष्टनं स्वतः करेल आणि पोस्टात किंवा कुरियरकडे आधार कार्ड व बिलं घेऊन जाईल. पाठवणारी म्हणून तिचंच नाव लागेल, त्यामुळे भेट असण्याबद्दल शंका उरणार नाही. खोकं मात्र काउंटरवर तपासणी होईपर्यंत चिकटपट्टीने बंद करू नये, आणि लेबलवर भावाचा तिकडचा मोबाइल नंबर व ईमेल न विसरता लिहावा, कारण काही अडलंच तर निरोप तिथेच जातो.