घरखर्चाचा पैसा : एक संयुक्त खाते की दोन स्वतंत्र खाती?

पती आणि पत्नी दोघेही मिळवते असलेल्या घरात लवकरच एक प्रश्न उभा राहतो. दोघांची मिळकत एकाच संयुक्त खात्यात जमा करावी, की प्रत्येकाने आपले खाते निराळे ठेवून घरखर्चापुरती रक्कम तेवढी एकत्र करावी? पेडणे व डिचोली तालुक्यांत अशी घरे आता पुष्कळ आहेत. एक जण शाळेत, कचेरीत किंवा तुये येथील औद्योगिक वसाहतीत नोकरीला, तर दुसऱ्याचे बाजारात दुकान किंवा गावात छोटा व्यवसाय, असे चित्र नित्य दिसते. या प्रश्नाचा विचार इतर राज्यांत ज्या रीतीने होतो, त्याच रीतीने गोव्यात करून चालत नाही. याचे कारण येथील विवाहविषयक कायद्यात आहे.

खाते निराळे, मालकी समाईक

१८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तीतील विवाहसंपत्तीविषयक तत्त्वे गोवा मुक्त झाल्यानंतरही कायम राहिली. या तत्त्वांनुसार, विवाहापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची संपत्ती समाईक मानली जाते आणि तीत प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. करार करून संपत्ती विभक्त ठेवण्याची मुभा आहे. परंतु असा करार करणारी दांपत्ये थोडी असतात. बहुतेक विवाह समाईक पद्धतीनेच नोंदले जातात.

याचा अर्थ असा की, पत्नीच्या एकटीच्या नावावरील खात्यात तिच्या पगारातून साठलेले दोन लाख रुपये आणि पतीच्या एकट्याच्या नावावरील खात्यात दुकानाच्या नफ्यातून साठलेले एक लाख रुपये, हे तीन लाख कायद्याच्या दृष्टीने त्या दोघांचे आहेत. पासबुकावर नाव कोणाचे आहे यावरून मालकी ठरत नाही. बँक मात्र केवळ खातेदारालाच ओळखते. पत्नीच्या खात्यातील पैशात पतीचा अर्धा वाटा असला, तरी तो बँकेत जाऊन ते काढू शकत नाही.

म्हणून गोव्यातील दांपत्यापुढील खरा प्रश्न ‘पैसा कोणाचा?’ हा नसून, ‘कोणत्या दिवशी पैशाला हात कोण लावू शकतो आणि हिशेब कोणाला दिसतो?’ हा आहे. दोन्ही पद्धतींची तुलना याच दृष्टीने करावयास हवी.

एकच संयुक्त खाते

सर्व मिळकत एका खात्यात आली की हिशेब सोपा होतो. घरात किती आले व किती गेले, हे एकाच पासबुकात दिसते. मात्र खाते उघडताना अर्जावर व्यवहाराची कोणती रीत निवडली, हे नीट पाहणे आवश्यक असते. ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला’ ही रीत निवडल्यास कोणाही एकाच्या सहीने व्यवहार होतो आणि एकाचा मृत्यू झाल्यास दुसऱ्याला खाते चालू ठेवता येते. ‘दोघांनी मिळून’ अशी नोंद असल्यास प्रत्येक वेळी दोन सह्या लागतात. ‘पहिला अथवा हयात असलेला’ अशी नोंद असेल, तर पहिल्या नावाच्या व्यक्तीच्या हयातीत दुसऱ्याला काहीच करता येत नाही. खाते संयुक्त आहे अशा समजुतीत पत्नी वर्षानुवर्षे राहते आणि पती रुग्णालयात दाखल झाल्यावर तिची सही चालत नाही असे कळते, ते या तिसऱ्या रीतीमुळे.

या पद्धतीचा दुसरा दोष असा की, दुकानाचा माल भरण्यासाठी काढलेली रक्कम आणि मुलांच्या फीसाठी राखलेली रक्कम एकमेकींत मिसळतात. व्यवसायाची मिळकत चढउताराची असते. भर पावसाळ्यात विक्री उतरली की दुकानाची तूट घरखर्चाच्या पैशातून नकळत भरली जाते. महिनाअखेरीस शिल्लक कमी का झाली, याचे उत्तर पासबुकातून मिळत नाही.

स्वतंत्र खाती आणि घरखर्चाचे एक खाते

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाचे एक खाते असते आणि त्याशिवाय घरखर्चापुरते तिसरे संयुक्त खाते उघडले जाते. ठरलेली रक्कम दोघांच्या खात्यांतून दरमहा त्यात वळती होते. किराणा, वीज, गॅस, फी, औषधे, विम्याचे हप्ते हा सर्व खर्च याच खात्यातून करावयाचा असतो.

रक्कम कशी ठरवावी हे एका उदाहरणाने पाहू. पेडण्यातील एका काल्पनिक कुटुंबात पत्नी शिक्षिका असून तिच्या हाती दरमहा ४२,००० रुपये येतात. पतीचे दुकान आहे आणि वर्षाच्या सरासरीने त्याला दरमहा २८,००० रुपये सुटतात. घराचा दरमहाचा खर्च २९,००० रुपये आहे. याखेरीज चवथीचा खर्च, जूनमधील शाळेचा खर्च, विमा व घरपट्टी मिळून वर्षाला ७२,००० रुपये लागतात. त्याचा बारावा भाग ६,००० रुपये होतो. म्हणजे घरखर्चाच्या खात्यात दरमहा ३५,००० रुपये यावयास हवेत.

ही रक्कम निम्मी-निम्मी केली तर प्रत्येकी १७,५०० रुपये होतात. पत्नीकडे २४,५०० रुपये उरतात आणि पतीकडे १०,५०० रुपये. मिळकतीच्या प्रमाणात, म्हणजे तीनास दोन अशी वाटणी केली, तर पत्नीने २१,००० व पतीने १४,००० रुपये द्यावयाचे. मग दोघांकडेही मिळकतीचा निम्मा भाग उरतो. मिळकतीत फार अंतर असेल तेव्हा ही प्रमाणशीर वाटणीच टिकते. निम्म्याच्या वाटणीत कमी मिळकतीच्या व्यक्तीवर ओढाताणीची वेळ येते आणि ती व्यक्ती लवकरच रक्कम देण्यात दिरंगाई करू लागते.

नोकरदाराच्या खात्यातून रक्कम वळती करण्यासाठी बँकेला स्थायी सूचना देऊन ठेवता येते. तिची तारीख पगार जमा होण्याच्या नेहमीच्या दिवसानंतर दोन-तीन दिवसांची ठेवावी. पगार यायच्या आधीची तारीख दिल्यास शिल्लक अपुरी पडते, सूचना निष्फळ होते आणि काही बँका त्याबद्दल आकारणीही करतात. दुकानदार पतीने मात्र दरमहा सारखी रक्कम देण्याची अपेक्षा धरू नये. चांगल्या महिन्यांत त्याने १४,००० रुपयांहून अधिक भरावे, म्हणजे आषाढ-श्रावणातील तूट त्यातून निघते.

वाटणी बरोबर बसली आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. जूनचा खर्च होऊन गेल्यावर आणि चवथीनंतर अशी वर्षातून दोनदा घरखर्चाच्या खात्याची शिल्लक पाहावी. ती शून्याजवळ येत असेल आणि मधूनमधून कोणी तरी स्वतःच्या खात्यातून किराण्याचे पैसे देत असेल, तर मूळ अंदाजात वार्षिक खर्च कमी धरला गेला आहे असे समजावे. अशा वेळी कोणी हात सैल सोडला याची चर्चा करण्याऐवजी ३५,००० हा आकडा पुन्हा मांडावा.

आयकराच्या विवरणपत्रातील अडचण

स्वतंत्र खाती ठेवणाऱ्या गोमंतकीय दांपत्याची सर्वांत मोठी चूक होते ती आयकराच्या बाबतीत. १९६१ च्या आयकर कायद्यात ५अ हे कलम १९९४ साली घालण्यात आले आणि ते १ एप्रिल १९६३ पासून लागू असल्याचे मानण्यात आले. समाईक संपत्तीच्या पद्धतीखाली येणाऱ्या पती-पत्नींचे पगाराव्यतिरिक्तचे सर्व उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागून मोजावे, असे ते सांगते. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावे मोजला जातो. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही हीच तरतूद ठेवण्यात आली आहे.

वरील उदाहरणात पतीच्या दुकानाचा वार्षिक नफा ३,३६,००० रुपये होतो. त्यातील १,६८,००० रुपये पत्नीने आपल्या विवरणपत्रात दाखवावयाचे असतात, मग त्यातील एक रुपयाही तिच्या खात्यात आलेला नसो. तसेच पत्नीच्या एकटीच्या नावे सहा लाखांची मुदत ठेव असून तिच्यावर वर्षाला ४२,००० रुपये व्याज मिळत असेल, तर २१,००० रुपये पतीच्या उत्पन्नात धरले जातात. बँकेने व्याजातून कर कापला असेल, तर त्याचाही निम्मा लाभ पतीला मिळतो. यासाठी विवरणपत्रातील ‘अनुसूची ५अ’मध्ये दोघांचा तपशील भरावा लागतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. ठेव कोणाच्या नावावर ठेवली म्हणजे कर वाचेल, हा हिशेब येथे चालत नाही. तसेच स्वतंत्र खाते म्हणजे गुप्त खाते असे धरून चालत नाही. पतीने नफ्याचा आकडा सांगितला नाही, तर शिक्षिका पत्नीचे विवरणपत्र अपुरे राहते आणि नोटीस तिच्या नावे निघू शकते. म्हणून स्वतंत्र खाती ठेवणाऱ्यांनीही वर्षातून एकदा, मार्चनंतर, सर्व पासबुके व ठेवींच्या पावत्या एकत्र मांडल्याच पाहिजेत.

मृत्यूनंतरची स्थिती

एकाच्या नावावरील खात्याला नामनिर्देशन नसेल, तर खातेदाराच्या मृत्यूनंतर पैसे मिळण्यासाठी बँक वारसाविषयक कागदपत्रे मागते. वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी यांविषयीचा गोव्याचा २०१२ चा कायदा २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आला असून वारसांची नोंद त्यानुसार होते. त्यात काही महिने सहज जातात. नामनिर्देशन असल्यास पैसे लवकर मिळतात, परंतु नामनिर्देशित व्यक्ती त्यांची मालक होत नाही. हयात जोडीदाराचा निम्मा वाटा त्याचाच असतो आणि उरलेला निम्मा वारसांकडे जातो. संयुक्त खात्यातील पैशालाही हाच नियम लागू आहे. मात्र ‘कोणीही अथवा हयात असलेला’ अशी नोंद असल्यास घरखर्च थांबत नाही, हा त्याचा मोठा उपयोग होय. म्हणून स्वतंत्र खाती पसंत करणाऱ्यांनी निदान तीन महिन्यांचा घरखर्च, वरील उदाहरणात सुमारे १,०५,००० रुपये, घरखर्चाच्या संयुक्त खात्यात कायम शिल्लक ठेवावा.

सीमेपलीकडील सावंतवाडी, बांदा किंवा दोडामार्ग भागाशी पेडणे व डिचोलीचे सोयरसंबंध जुने आहेत. ज्यांच्या विवाहाची नोंद महाराष्ट्रात झाली आहे, त्यांनी समाईक पद्धत आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये. ती लागू नसेल, तर वर सांगितलेली मालकीची व कराची विभागणीही लागू होत नाही. अशा दांपत्यांनी विवाह नोंदणीचा दाखला घेऊन तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात प्रथम चौकशी करावी आणि खात्यांची रचना त्यानंतर ठरवावी.