तांब्याच्या चार रेषा

जस्ताच्या टटन लवणाचा स्फटिक वाढवताना त्यात किंचित तांबे मिसळले, की जस्ताच्या काही जागी तांब्याचे आयन बसतात. मिश्रण विरळच हवे, कारण शेजारचे तांबे एकमेकांच्या रेषा पुसट करतात. अशाच विरळ तांबे-लवणात पेनरोझ यांना 1949 मध्ये अतिसूक्ष्म विभाजन दिसले.

स्फटिक 9.5 गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मतरंगांत ठेवून चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवायचे. मुक्त इलेक्ट्रॉन 339 मिलिटेस्लाला ऊर्जा शोषतो. समजा, आपल्या आलेखात 265, 277, 289 आणि 301 ला रेषा आल्या. रेषा चार, कारण तांब्याच्या केंद्रकाचे स्पिन 3/2 आहे आणि क्षेत्रात ते चार अवस्था घेते. प्रत्येक अवस्था इलेक्ट्रॉनला जाणवणारे क्षेत्र थोडे बदलते. रेषांमधले 12 मिलिटेस्ला हे अंतर म्हणजे इलेक्ट्रॉन-केंद्रक बंधाचे माप. g मात्र एखाद्या रेषेवरून काढू नये. चौघींचा मध्य 283 घ्यावा: 678.8 भागिले 283, म्हणजे 2.40.

हा आकडा एकाच दिशेचा. स्फटिक फिरवला की g 2.1 च्या आसपास उतरतो आणि रेषा जवळ सरकतात. या बदलातूनच आयनाभोवतीच्या पाण्याच्या रेणूंचा अष्टफलक कोणत्या दिशेने ताणला आहे ते कळते, आणि मला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

चारऐवजी आठ रेषा दिसल्या तर घाबरू नये. या स्फटिकात तांब्याला वेगवेगळ्या कलाच्या दोन जागा मिळतात. कडेच्या रेषा दुभंगल्या, तर ती तांब्याच्या दोन समस्थानिकांची खूण.