बारावा खेळाडू आणि पान ६३

आमच्या मंडळाचं प्रोसिडिंग बुक म्हणजे लाल कापडी बांधणीचं, छापील पान क्रमांकांचं एक जाडजूड रजिस्टर. मुलुंडच्या आमच्या नऊ बाय बाराच्या कार्यालयात ते ढाली-करंडकांच्या कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर असतं. सहचिटणीस म्हणून गेली काही वर्षं ते माझ्याकडे आहे. बहुतेक सभांचं इतिवृत्त लिहायला मला पाऊण तास पुरतो. मॅटचं भाडं, गणवेशाचं कापड, मैदानाच्या परवानगीचा अर्ज, आभार मानून सभा संपली. पान ६३ लिहायला मात्र मला चार रात्री लागल्या.

विषय होता कुमार गटाच्या कबड्डी संघाचा. या गटात वीस वर्षांखालची मुलं खेळतात. मैदानात सात उतरतात, पण संघ बारा जणांचा पाठवायचा असतो. अकरा नावांवर कुणाची तक्रार नव्हती. बाराव्या जागेसाठी दोघे होते आणि निवड समितीने दोन विरुद्ध एक मताने त्यांतल्या एकाला घेतलं होतं. त्यावर कार्यकारिणीची तातडीची सभा बोलावावी असं चार सदस्यांनी लेखी मागितलं. मुलांची नावं वहीत लिहायची नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं. चाचणीच्या दिवशी पाठीवर लावलेले नंबर होते, तेच वापरले. घेतलेला मुलगा ४ नंबर, चढाईपटू. वगळलेला १७ नंबर, डावा कोपरा.

शनिवारी रात्री सव्वाआठला सभा सुरू झाली. ऑफिसातून लोकलने घरी येऊन, तोंडावर पाणी मारून माणसं येतात, त्याआधी जमत नाही. अकरापैकी नऊ सदस्य हजर, गणपूर्ती झालेली. प्रशिक्षक निमंत्रित म्हणून बसले, त्यांना मत नव्हतं. पहिलीच नोंद महत्त्वाची ठरली. खजिनदारांनी उठून सांगितलं, १७ नंबर माझा सख्खा भाचा आहे. अध्यक्षांनी विचारलं, मग काय करू या? ठरलं असं, की ते आपलं म्हणणं मांडतील आणि मतदानाच्या वेळी बाहेर जातील. ‘खजिनदार यांनी खेळाडू क्र. १७ शी असलेले नाते स्वतःहून सांगितले. मतदानावेळी ते ९.२० ते ९.३० सभागृहाबाहेर होते.’ यातलं ‘स्वतःहून’ मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं. ते कौतुकासारखं वाटतं खरं, पण घडलं तसंच होतं. आणि तो शब्द नसता तर कुणीतरी विचारलं म्हणून त्यांना सांगावं लागलं, असा अर्थ निघाला असता.

मग वाद हजेरीवर आला. फलकावर सूचना लागली होती की निवडीसाठी सरावाला किमान ७५ टक्के हजेरी हवी. महिन्यात सरावाचे दिवस चोवीस. ४ नंबर बावीस दिवस आला. १७ नंबर अकरा दिवस आला. पण त्याचा घोटा मुरगळला होता, आणि डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती लिहून दिली होती. ती चिठ्ठी प्रशिक्षकांना मोबाइलवर मिळाली होती, कार्यालयात आली नव्हती.

आता हिशेब बघा. चोवीसपैकी अकरा म्हणजे जेमतेम ४६ टक्के. दुखापतीचे आठ दिवस मोजणीतून काढले तर सोळापैकी अकरा, म्हणजे ६९ टक्क्यांच्या आसपास. तेच आठ दिवस हजर धरले तर चोवीसपैकी एकोणीस, ७९ टक्के. पहिल्या दोन हिशेबांत मुलगा बाद, तिसऱ्यात पात्र. प्रशिक्षकांचं म्हणणं होतं की चिठ्ठी खरी आहे, पण सरावात नसलेल्याला हजर कसं धरायचं? बाकीची मुलं पावसात चिखल तुडवत आली त्यांना काय सांगू? खजिनदारांचं म्हणणं, दुखऱ्या पायाने मॅटवर उतरला असता तर तुम्हीच ओरडला असता. मग डॉक्टरचं ऐकलं ही त्याची चूक का? दोघांचंही मला पटत होतं, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याची खरी पंचाईत तीच असते.

पहिल्या कच्च्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘खेळाडू क्र. १७ ची हजेरी ४६ टक्के असल्याचे प्रशिक्षकांनी निदर्शनास आणले.’ एकही शब्द खोटा नाही. पण टक्का लिहिला की हिशेबाची पद्धत मी निवडली, म्हणजे बाजूही निवडली. आणि ‘निदर्शनास आणले’ हे आपण सिद्ध झालेल्या गोष्टीबद्दल म्हणतो. रात्री अकराला चहा ठेवून ते वाक्य पुन्हा लिहिलं: ‘सरावाचे दिवस २४, हजर ११, वैद्यकीय चिठ्ठीचे दिवस ८. हे ८ दिवस कसे मोजावेत याबाबत सूचनेत उल्लेख नाही.’ तिन्ही टक्केवाऱ्या त्याखाली, ज्याने ज्या मांडल्या त्याच्या पदासह. वाद मुलांचा नव्हता, सूचनेत राहून गेलेल्या एका ओळीचा होता, हे मला सभेत बसून कळलं नव्हतं. आकडे एकाखाली एक लिहिल्यावर दिसलं.

क्रियापदांनी मला सर्वांत जास्त छळलं. मराठीत ‘सांगितले’ला डझनभर भावंडं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ‘कबूल केले’ म्हटलं की आधी लपवलं होतं. ‘दावा केला’ म्हटलं की लिहिणाऱ्याला ते खरं वाटत नाही. ‘आरोप केला’ म्हणजे भांडखोर, ‘स्पष्ट केले’ म्हणजे शहाणा. मसुदा झाल्यावर मी पेन्सिलीने मोजलं तर प्रशिक्षक तीनदा ‘स्पष्ट’ करत होते आणि खजिनदार दोनदा ‘आक्षेप’ घेत होते. मी ठरवून केलं नव्हतं. दोघांनाही ‘म्हणाले’ आणि ‘सांगितले’ यांवर आणून ठेवलं. परिच्छेद रुक्ष झाला, होऊ दे.

एक पडताळणी मी तेव्हापासून करतो. दोन्ही बाजूंची पदं अदलाबदल करून मसुदा वाचायचा. प्रशिक्षकांच्या जागी खजिनदार, खजिनदारांच्या जागी प्रशिक्षक. कुठे वाक्य खटकलं, तर तिथे माझा कल लिहून गेलेला असतो. मला सापडलं ते असं, की प्रत्येक मुद्द्यावर शेवटचं वाक्य खजिनदारांचं होतं. वाचणाऱ्याच्या डोक्यात शेवटचं राहतं. कारण सांगायला लाज नाही: चाचणीच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला उभा होतो आणि १७ नंबरने घोट्याला घातलेली एक पकड मला अजून दिसते. मग क्रम सभेत बोलले गेले तसाच लावला, घड्याळाप्रमाणे.

दोन्ही बाजूंना सारख्या ओळी द्याव्यात का? मी दिल्या नाहीत. प्रशिक्षक दोन मिनिटं बोलले, खजिनदार अकरा मिनिटं. पण प्रशिक्षकांची कारणं तीन होती: हजेरी, तंदुरुस्तीची खात्री नाही, आणि संघात तिसरा चढाईपटू हवा. खजिनदारांची दोन होती: वैद्यकीय दिवस, आणि डाव्या कोपऱ्याला राखीव खेळाडू नाही. कारणं मोजून लिहिली, मिनिटं नाहीत.

आरडाओरडाही झाला. नऊच्या सुमारास एक ज्येष्ठ सदस्य टेबलावर हात आपटून म्हणाले, हे मंडळ काय कुणाच्या बापाचं आहे का? माझ्या कच्च्या वहीत ते वाक्य आहे, रजिस्टरात नाही. पण ते गाळलं म्हणून त्यामागची तक्रार गाळता येत नाही. त्यांचा रोख होता की निवड समितीतले दोघे एकाच व्यायामशाळेतले आहेत. ते मी लिहिलं, आणि त्या दोघांपैकी एकाने दिलेलं उत्तरही: समिती वार्षिक सभेने नेमली आहे, तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती.

नोंद नसली की दोन्ही बाजू आपापली गोष्ट घेऊन बाहेर जातात. मुंबईच्या चौरंगी क्रिकेटमध्ये १९२० साली हिंदू संघाच्या निवडीत बाळू पालवणकरांना डावलल्यावर त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू निवेदन काढून वर्तमानपत्रातून मांडली. तिथे प्रश्न जातीचा होता, आमच्या मुरगळलेल्या घोट्याशी त्याची तुलना नाही. पण तो वाद आपल्याला आज इतका स्पष्ट दिसतो, यात त्या दोघांनी आपली कारणं लिहून काढली याचाही वाटा आहे. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठलच त्या संघाचा कर्णधार झाला.

ठरावाच्या वेळी मी एक आगाऊपणा केला. मतदानाआधी उठून म्हटलं, ठराव काय आहे तो मला शब्दशः सांगा, मी मोठ्याने वाचतो. तेव्हा कळलं की निम्म्या लोकांना वाटत होतं आपण ४ नंबरला काढायचं की नाही यावर हात वर करणार आहोत. आमच्या घटनेप्रमाणे खेळाडू निवडणं निवड समितीचं काम, कार्यकारिणी फार तर यादी फेरविचाराला पाठवू शकते. मग तसा ठराव झाला: वैद्यकीय चिठ्ठीचे दिवस मोजणीतून वगळावेत की हजर धरावेत हे निवड समितीने आधी लेखी ठरवावे आणि मग बाराव्या जागेचा फेरविचार करावा. सूचक, अनुमोदक, बाजूने पाच, विरोधात दोन, तटस्थ एक. विरोध करणाऱ्या दोघांना विचारलं, कारण नोंदवू का? एकाने हो म्हटलं. ‘संघाची यादी मंगळवारपर्यंत द्यायची असताना नियम आता ठरवणे योग्य नाही.’ त्यांचं ते वाक्य त्यांच्याच शब्दांत आहे.

एका सदस्याने जाता जाता सुचवलं, ‘सर्वानुमते’ लिहून टाका ना, बाहेर शोभा नको. हा मोह फार जुना आहे. पण मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे. कार्यकारिणी बदलली की बदल अहवालासोबत याच रजिस्टरातल्या सभांच्या प्रती वरळीला जातात. एका पानावर खोटं ‘सर्वानुमते’ सापडलं तर बाकीच्या पानांवर कोण विश्वास ठेवील?

सोमवारी रात्री निवड समिती बसली. वैद्यकीय दिवस मोजणीतून वगळायचे असं तिने ठरवलं, म्हणजे ६९ टक्के. दोन विरुद्ध एकनेच ४ नंबर कायम राहिला. मंगळवारी यादी गेली. पुढच्या मोसमाच्या सूचनेत आठव्या कलमाखाली ती राहिलेली ओळ आता छापली आहे, आणि चिठ्ठी कार्यालयात तीन दिवसांत द्यावी हेही.

महिन्याने नेहमीची सभा. विषयपत्रिकेवर पहिला विषय नेहमीचाच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. एरवी मी वाचतो तेव्हा माणसं मोबाइल बघतात. त्या दिवशी कुणी बघितला नाही. वाचून झाल्यावर प्रशिक्षकांनी हात वर केला. चिठ्ठीबद्दलच्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘चिठ्ठी मोबाइलवर मिळाल्याचे प्रशिक्षकांनी मान्य केले.’ ते म्हणाले, मान्य काय केलं? मला कुणी विचारायच्या आधीच मी सांगितलं होतं. कच्ची वही काढून बघितली. त्यांचंच बरोबर होतं. एवढी क्रियापदं चाळली आणि हे एक निसटलं होतं.

‘मान्य केले’वर एक सरळ रेघ मारली, शब्द खाली वाचता येतील अशी. वर ‘सांगितले’ लिहिलं, समासात तारीख आणि अध्यक्षांची सही घेतली. इतिवृत्त कायम करण्याची सूचना खजिनदारांनी मांडली.