दोननंतरचे कप

माझ्या ताईची एक ठाम समजूत होती: चहा-कॉफीने आपल्याला काही होत नाही. ती बावन्न वर्षांची, शाळेत शिक्षिका. रात्री अकराला पडल्या पडल्या झोप लागते, मग कॅफीन कसलं बाधतंय, असं तिचं म्हणणं. तरीही पहाटे तीनला डोळे उघडायचे ते पाचपर्यंत मिटायचे नाहीत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो, हे तिला पटायला पेन्सिलच्या रेघा लागल्या.

दिवसभर जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्याच्यामुळे डोळे जड होतात. ते जिथे बसायचं त्याच जागा कॅफीन अडवून धरतं. थकवा असतोच, फक्त जाणवत नाही. पोटात गेलेलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. ताई संध्याकाळी साडेसातला कॉफी घ्यायची. त्या मगात ८० मिलिग्रॅम कॅफीन धरलं, तर अकराला पाठ टेकताना जवळपास ५० मिलिग्रॅम अंगात उरतं. म्हणजे एक कप चहा पिऊनच झोपल्यासारखं. दिवसभराच्या थकव्याने झोप लागते खरी, पण ती हलकी राहते आणि मध्येच तुटते.

आणि हे आपलं आपल्याला कळत नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं होतं. हा डोस मोठाच, चार-पाच मग कॉफीएवढा. झोप मोजणाऱ्या यंत्राने तासाभराहून अधिक झोप कमी झाल्याचं दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या नोंदींत मात्र हा फरक नीट उमटलाच नाही. म्हणून ‘मला काही होत नाही’ या वाक्यावर मी आता विसंबत नाही.

नेमकं किती वाजता थांबायचं? २०२३ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यानुसार एक कप कॉफी आणि झोप यांच्यात सुमारे नऊ तासांचं अंतर हवं. ताईची झोप अकराची, म्हणून तिची वेळ दुपारी दोनची. त्याच आढाव्यात साध्या कपभर चहासाठी अशी मुदत निघाली नाही, हा चहाबाजांना दिलासा.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रेघा सुरू झाल्या. चहाला एक रेघ, कॉफीला दोन, आणि दोननंतरच्या रेघांना खाली अधोरेखा. पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही, फक्त मोजायचं, असं ठरलं. रविवारी बेरीज केली तर रेघा एकेचाळीस आणि त्यातल्या एकवीस दोननंतरच्या. निम्म्याहून अधिक! त्यातल्या चौदा एकट्या संध्याकाळच्या कॉफीच्या. ताई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली.

मोबाइलवरची आठवण आधी बरोबर दोनला लावली होती. तेव्हा ती वर्गात, फोन पर्समध्ये. मग ती मधल्या सुट्टीत, एक वीसला आणली. तरी संध्याकाळी हात कॉफीच्या बाटलीकडे जायचाच, कारण दुपारचं तोपर्यंत मागे पडलेलं असायचं. शेवटी सव्वासातला दुसरी आठवण लावली. कप जिथे हातात येतो तिथे वाजली, तरच ती आठवण उपयोगी पडते.

दुसऱ्या आठवड्यात कॉफी बंद न करता सकाळी आठच्या चहाच्या जागी नेली. एकदम सोडली असती तर दुसऱ्याच दिवशी डोकं ठणकलं असतं. कॅफीनची सवय असलेल्यांना हे होतं, आणि त्या डोकेदुखीला कंटाळूनच माणसं पुन्हा कपाकडे वळतात. संध्याकाळी ती आलं-गवती चहाचा काढा घेऊ लागली, त्यात चहापत्ती नाही. साडेचारचा शाळेतून आल्यावरचा चहा मात्र ठेवला. बेरीज झाली छत्तीस आणि दोननंतरच्या नऊ: सात चहाच्या, आणि गुरुवारी पाहुण्यांबरोबर घेतलेल्या कॉफीच्या दोन. गुरुवारच्या चौकटीत तिने बारीक अक्षरात ‘तीनला जाग’ लिहिलं होतं. एका रात्रीने काही सिद्ध होत नाही, पण पूर्वी आठवड्यातून पाच रात्री मोडायच्या, त्या तिसऱ्या आठवड्यात दोनवर आल्या.

दोनचा आकडा सर्वांना लागू नाही. गरोदरपणात कॅफीन शरीरात फार रेंगाळतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांतही ते हळू उतरतं. त्यांना वेळ आणखी आधीची धरावी लागेल. आणि तीन आठवडे दोननंतरच्या रेघा जवळजवळ शून्य असूनही पहाटेची जाग तशीच राहिली, तर दोष कपाचा नसावा. घोरणं, आम्लपित्त, रजोनिवृत्तीतली अंगाची लाही, अशी कारणं असू शकतात. डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरची ती पानं बरोबर न्यावीत. ताईच्या उरलेल्या दोन रात्रींसाठी आम्ही येत्या सोमवारी तेच करणार आहोत.