मारू की थांबू? मधल्या प्याद्यांचा ताण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पटाच्या मध्यभागी दोन्ही बाजूंची प्यादी एकमेकांना मारू शकतील अशी समोरासमोर येतात आणि कोणीच मारत नाही. या स्थितीला ताण म्हणतात. हौशी खेळाडूंच्या डावांत हा ताण सहसा एक-दोन चालींपेक्षा जास्त टिकत नाही. मारणे योग्य आहे म्हणून तो मोडतो असे नाही. मारले की डोक्यावरचे ओझे उतरते, म्हणून मोडतो. त्यामागे काही पक्के समज असतात. ते तपासायला क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डसारखे उत्तम ठिकाण नाही, कारण तिथे पहिल्या दोन चालींतच ताण तयार होतो आणि दोन्ही खेळाडू पुढच्या सहा-सात चाली त्याच्याभोवती फिरत राहतात.

पांढरा डी४, काळा डी५. पांढरा सी४, काळा ई६. आता पांढऱ्याचे सी४ आणि काळ्याचे डी५ ही प्यादी एकमेकांच्या माऱ्यात आहेत. समोर पट मांडून पुढचे वाचले तर जास्त समजेल.

गैरसमज: मी मारले नाही, तर माझे प्यादे जाईल

सी४ च्या प्याद्याला एकाही प्याद्याचा आधार नाही, त्यामुळे ही भीती स्वाभाविक वाटते. काळ्याने दुसऱ्याच चालीला डी५ ने सी४ मारले असे धरू. पांढरा शांतपणे ई३ खेळतो आणि त्याच्या उंटाची नजर सी४ वर जाते. काळ्याने हावरेपणाने ते प्यादे राखायला बी५ केले, तर पांढरा ए४ ने त्याच्या मुळावर येतो. काळा सी६ ने आधार देतो, पांढरा ए४ ने बी५ मारतो, काळा सी६ ने परत मारतो आणि पांढरा वजीर एफ३ वर येतो. एफ३ पासून ए८ पर्यंतचा कर्ण आता मोकळा आहे आणि कोपऱ्यातला हत्ती थेट माऱ्यात आहे. तो वाचवायला काळ्याने घोडा सी६ वर घातला, तर वजीर तो घोडाच शह देऊन उचलतो. एका प्याद्यासाठी मोहरे गेले.

म्हणजे सी४ चे प्यादे लटकत नव्हते. ते मारता येते, पण राखता येत नाही. ताणातले प्यादे बघताना पहिला प्रश्न हाच विचारावा: समोरच्याने मारले तर मला ते सहज परत मिळते का? मिळत असेल, तर घाईने मारण्याचे पहिले कारण संपले.

गैरसमज: आधी मारणाऱ्याच्या हातात डाव राहतो

इथे थोडे थांबायला हवे, कारण ताणाचे सगळे मर्म यात आहे. मारण्याची चाल एक असते, पण तिच्या उत्तरात समोरचा जे मोहरे पुढे आणतो ते त्याला फुकट मिळते.

काळा सी४ मारणारच असेल, तर त्याने कधी मारावे? पांढऱ्याचा राजाच्या बाजूचा उंट एफ१ वर बसलेला असताना मारले, तर तो उंट एका उडीत सी४ वर येऊन प्यादे परत घेतो. पण पांढऱ्याने आधी उंट डी३ वर आणला आणि मग काळ्याने मारले, तर तोच उंट सी४ वर पोचायला दोन चाली घेतो. उंट त्याच चौकोनात, प्यादी त्याच जागी, पण काळ्याला एक चाल जास्त मिळाली. म्हणून काळा उंट हलण्याची वाट बघतो आणि पांढरा काळ्याने मारण्याची. मधल्या वेळात दोघेही अशा चाली शोधतात, ज्या कधी ना कधी खेळायच्याच होत्या. पांढरा हत्ती सी१ वर आणतो, वजीर सी२ वर ठेवतो, ए३ करतो. काळा सी६, एच६ किंवा ए६ करतो, हत्ती ई८ वर नेतो.

1927 मध्ये ब्वेनोस आयरेसला कापाब्लांका आणि अलेखाइन यांची विश्वविजेतेपदाची लढत झाली. तिच्या 34 डावांपैकी 32 डावांत हाच प्रारंभ खेळला गेला. शेवटच्या, 34व्या डावात अलेखाइनकडे पांढरी मोहरी होती. उंट जी५ वर आणून आणि ई३ खेळून झाल्यावर सहाव्या चालीला त्याने ए३ केले. वरवर पाहता ही नुसती बगल दिलेली चाल वाटते. कापाब्लांकानेही सी४ ला हात लावला नाही, त्याने उंट ई७ वर आणला आणि किल्लेकोट केला. आठव्या चालीला अलेखाइनने अखेर उंट डी३ वर आणला आणि त्याच क्षणी कापाब्लांकाने सी४ मारले. पांढऱ्या उंटाला दुसरी चाल खर्चून परत घ्यावे लागले.

वाचलेली चाल कापाब्लांकाने कुठे लावली हे बघण्यासारखे आहे. त्याने एफ६ चा घोडा डी५ वर आणला. त्यामुळे जी५ आणि ई७ वरचे उंट समोरासमोर आले आणि त्यांची अदलाबदल झाली. काळ्याची अडचण दाटीची होती. ई६ च्या प्याद्यामागे त्याचा सी८ चा उंट कोंडलेला होता आणि मोहऱ्यांना जागा कमी होती. दाटी असली की मोहरी कमी होणे फायद्याचे असते. डी५ च्या घोड्याने सी३ चा घोडाही मारला, तर पुढे ई५ करून काळा पूर्ण मोकळा होतो. ही कापाब्लांकाची ठरलेली पद्धत होती. अलेखाइनने तेच टाळायला 11व्या चालीला आपला घोडा ई४ वर नेला, म्हणजे घोड्यांची अदलाबदल होऊ दिली नाही. तरी काळ्याने पुढच्याच चालीला सी५ करून मध्याला धक्का दिला आणि प्रारंभ सावरला. आणि ती ए३ ची चाल? 14व्या चालीला घोडा अंगावर आल्यावर पांढऱ्या उंटाला मागे जायला ए२ चा चौकोन मिळाला, तो ए३ मुळेच. वाट बघण्याची चाल अशी असावी. डाव पुढे कापाब्लांका हरला, पण त्याची सुरुवात ए पट्टीतले प्यादे गमावण्यापासून झाली. सी४ मारण्याच्या वेळेत त्याचे काही चुकले नव्हते.

यात एक अट विसरली जाते. सी४ मारले की काळा मध्यातला डी५ चा पाय सोडतो आणि पांढऱ्याला ई४ करण्याची वाट मोकळी होते. म्हणून काळ्याकडे सी५ किंवा ई५ चा धक्का तयार असल्याशिवाय, नुसता उंट हलला म्हणून मारणे धोक्याचे आहे. वाचलेली एक चाल दाटीतच वाया जाते.

गैरसमज: पुढे ढकलले की भांडण मिटते

मारायचे नाही आणि ताणही नको, म्हणून बरेच जण सी४ चे प्यादे सी५ वर ढकलतात. जागा मिळाल्यासारखी वाटते. पण डी५ वर असलेला एकुलता एक दाब पांढऱ्याने स्वतःच्या हाताने काढून घेतलेला असतो. आता काळा निर्धास्तपणे बी६ करून साखळी कुरतडतो किंवा घोड्याच्या आधाराने ई५ चा धक्का देतो. डी४ ने ई५ मारले, तर सी५ चा आधारच जातो. काळ्याने ए६ खेळून बी६ चा चौकोन कच्चा केला असेल, तेव्हा सी५ चा विचार होऊ शकतो. एरवी नाही.

गैरसमज: चांगला खेळाडू ताण कधीच सोडत नाही

पहिले समज सुटले की हा चिकटतो. मार्गदर्शक वारंवार ‘मारू नकोस’ म्हणतात आणि विद्यार्थी त्याचा नियम करून टाकतो. खरे तर पांढऱ्याने सी४ ने डी५ मारणे हा याच प्रारंभातला अत्यंत प्रतिष्ठित मार्ग आहे, त्याला एक्स्चेंज व्हेरिएशन म्हणतात. काळा ई६ ने परत मारतो. आता हिशोब मांडू. काळ्याच्या सी८ च्या उंटाचा कोंडवाडा उघडला आणि त्याला ई पट्टी मिळाली. पांढऱ्याला सी पट्टी मिळाली, डी५ चे प्यादे एका जागी गोठले आणि पुढे बी४-बी५ करून सी६ चे प्यादे कमकुवत करण्याचा स्वच्छ बेत मिळाला. शिवाय वर पाहिलेली चालीची चुरस संपली. सी४ मारण्याचा प्रश्नच उरला नाही, म्हणून पांढरा उंट बिनघोर डी३ वर जाऊन बसतो.

मग हा सौदा कधी करावा? सी८ च्या उंटाला मोकळे होऊनही एफ५ ची चांगली जागा मिळणार नाही, तेव्हा. तिसऱ्या चालीला दोन्ही बाजूंचे घोडे सी३ आणि एफ६ वर आलेत आणि पांढऱ्याने चौथ्या चालीलाच डी५ मारले असे समजा. काळा ई६ ने मारतो, पांढरा उंट जी५ वर, काळा सी६, पांढरा ई३. काळ्याने आता हौसेने उंट एफ५ वर काढला, तर पांढरा वजीर एफ३ वर येऊन त्या उंटावर दात धरतो. उंट जी६ वर सरकतो, पांढरा एफ६ चा घोडा मारतो, काळा वजिराने घेतो, वजिरांची अदलाबदल होते आणि काळ्याला जी प्याद्याने परत मारावे लागते. एफ पट्टीत दोन प्यादी एकामागे एक, एच पट्टीतले एकटे. काळा हरलेला नाही, पण लांबचा बचाव त्याच्या वाट्याला येतो.

आता फक्त एक गोष्ट बदला. पांढऱ्याने चौथ्या चालीला घोडा एफ३ वर आणला आणि पाचव्या चालीला मारले. पुढे त्याच चाली. काळा उंट एफ५ वर येतो आणि पांढऱ्या वजिराला एफ३ वर जागाच नाही, तिथे स्वतःचा घोडा बसला आहे. काळ्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी संपली. घोडा एफ३ वर गेलाच असेल आणि तरी मारायचे असेल, तर ई३ च्या आधी वजीर सी२ वर आणून एफ५ चा चौकोन धरावा लागतो.

थांबण्यालाही मर्यादा आहे. उपयोगी चाली संपल्या, की पुढची प्रत्येक चाल आपली मांडणी थोडी बिघडवू लागते. एच६, ए६, हत्ती ई८ हे सगळे झाल्यावर काळा वजीर इकडून तिकडे हलवू लागला, तर समजावे की वाट बघण्यात पांढरा सरस ठरला. दुसरी खूण समोरच्याच्या धक्क्याची. काळ्याचा सी५ किंवा ई५ पुढच्या चालीला बसणार आणि त्याने पट आपल्या सोयीने नव्हे, त्याच्या सोयीने उघडणार असे दिसले, तर पांढऱ्याने त्याआधीच डी५ मारून मध्याचा आकार ठरवून टाकावा. आपला राजा अजून ई१ वर असेल, तर हा हिशोब एक चाल आधीच करावा, कारण मारल्यानंतर ई पट्टी अर्धी काळ्याची होते आणि ई८ वर आलेला हत्ती थेट त्याच रांगेत उभा असतो.