ज्याचे आकडे चांगले, त्याचे मूल्यमापन

वार्षिक कार्यमूल्यमापनात, म्हणजे ज्याला बहुतेक कंपन्यांत सरसकट ‘अप्रेझल’ म्हटले जाते त्या प्रक्रियेत, कमी काम करणाऱ्या माणसाविषयी वरिष्ठाला फारसा संभ्रम पडत नाही. संभ्रम पडतो तो ज्याचे उद्दिष्टांचे रकाने भरलेले आहेत, पण ज्याच्यासोबत काम करायला सहकारी कचरतात, अशा माणसाविषयी. अशा वेळी दोन चुका हमखास होतात. एक तर चांगल्या आकड्यांच्या प्रभावाखाली वागणुकीचा रकानाही उदारपणे भरला जातो किंवा तक्रारी कानावर येऊन येऊन वरिष्ठाचे मन कलुषित होते आणि खऱ्या कामाचेही गुण कापले जातात. एका गुणाची छाया दुसऱ्या गुणाच्या मापनावर पडण्याच्या या प्रवृत्तीकडे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यांकनांवरून लक्ष वेधले होते. मानसशास्त्रात तिला प्रभावलय परिणाम म्हणतात. तो टाळण्याचा मार्ग वरिष्ठाने मन मोठे करण्यात नसून नोंदी नीट वाचण्यात आहे आणि ते काम बैठकीच्या बरेच आधी सुरू होते.

ही प्रक्रिया स्पष्ट होण्यासाठी चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील देखभाल विभागाचे, म्हणजे मेंटेनन्सचे, उदाहरण घेता येईल. उदाहरण रचलेले आहे, परंतु त्यातील कागद, नोंदी आणि अडचणी अशा कारखान्यात नेहमी आढळणाऱ्याच आहेत. या विभागातील एका अभियंत्याची सरासरी दुरुस्तीवेळ ३४ मिनिटे आहे, तर त्याच लाईनवर पाळीपाळीने काम करणाऱ्या इतर अभियंत्यांची ४८ मिनिटे. दुरुस्तीवेळ म्हणजे मशीन बंद पडल्याची ब्रेकडाऊन स्लिप फाडल्यापासून मशीन पुन्हा उत्पादनावर येईपर्यंतचा अवधी. वर्षारंभी ठरलेल्या उद्दिष्टांत, म्हणजे केआरएमध्ये, हाच आकडा सर्वांत वजनदार आहे. त्याच वेळी लाईनवरचे ऑपरेटर, गुणवत्ता विभाग आणि पुढच्या शिफ्टचे सहकारी या अभियंत्याविषयी नाराज आहेत. तो अहंकारी आहे, अपमान करतो, माहिती स्वतःजवळ ठेवतो, असे ते सांगतात.

येथे वरिष्ठाने पहिली गोष्ट करायची ती ही की तक्रारींमधून विशेषणे बाजूला काढून घटना शिल्लक ठेवायच्या. ‘अहंकारी’ हा स्वभावाविषयीचा निष्कर्ष आहे. त्यावर समोरच्याला होकार किंवा नकार याखेरीज काहीच उत्तर देता येत नाही, आणि ज्याला उत्तर देता येत नाही असा आरोप मूल्यमापनात ठेवणे न्याय्य नसते. या उदाहरणात कानावर आलेल्या पाच तक्रारी अशा रीतीने चाळल्या असता पहिली, म्हणजे अहंकाराची, पूर्णपणे गळते, कारण तिच्यामागे सांगण्याजोगा एकही प्रसंग निघत नाही. दुसरी टिकते: दुसऱ्या शिफ्टमध्ये लाईनवर चारचौघांत त्याने एका ऑपरेटरला “तुला मशीन कळतं, की नुसती हजेरी लावायला येतोस?” असे सुनावले होते, शिफ्ट इनचार्जने ते स्वतः ऐकले होते आणि आपले नाव सांगायला त्याची हरकत नाही. तिसरीही टिकते, कारण सकाळच्या उत्पादन बैठकीत गुणवत्ता विभागाच्या प्रतिनिधीला त्याने बोलू न दिल्याचे वरिष्ठाने स्वतः पाहिले आहे. चौथी थेट कागदावरच आहे: शिफ्ट बदलताना अर्धवट राहिलेल्या कामाची माहिती लिहिण्याचे जे हँडओव्हर रजिस्टर असते, त्यात एका तिमाहीत नऊ वेळा त्याचा रकाना कोरा आहे. पाचवी तक्रार मात्र उलटून त्याच्या बाजूची ठरते. उत्पादन अडले असतानाही त्याने मशीन सुरू करून दिले नाही, अशी ती तक्रार होती आणि चौकशीत असे दिसते की मशीनच्या दाराचा सुरक्षा इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच मशीन थांबवणारी योजना, बिघडलेला होता. त्याचा नकार योग्य होता आणि त्याचे श्रेय अहवालात यायला हवे. सहकाऱ्यांची नाराजी ही चौकशी करण्यास पुरेसे कारण असते, पण पुरावा नसते. किंबहुना कडक माणसावरची नाराजी आणि तुसड्या माणसावरची नाराजी दुरून सारखीच दिसते.

नाव सांगायला तयार नसलेल्या सहकाऱ्यांचा प्रश्न येथे अवघड होतो. “काही लोक म्हणतात” अशी सुरुवात झाली की बैठकीचे रूपांतर ते लोक कोण, हे शोधण्यात होते आणि दुसऱ्या दिवसापासून लाईनवर संशयाचे वातावरण पसरते. म्हणून निनावी माहितीचा उपयोग वरिष्ठाने कुठे पाहायचे हे ठरवण्यापुरता करावा आणि अहवालात केवळ तेच लिहावे जे त्याने स्वतः पाहिले आहे, जे नोंदीत आहे किंवा जे सांगणाऱ्याच्या संमतीने सांगता येते. याला एक मर्यादा आहे. तक्रार लैंगिक छळाची असेल तर ती अप्रेझलचा विषयच राहत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार ती अंतर्गत समितीकडे जाते. मारहाण किंवा जातिवाचक अपमान यांनाही गुण कापून मोकळे होता येत नाही, तेथे आरोपपत्र आणि चौकशीची स्वतंत्र वाट असते.

वागणूक तपासून झाल्यावर अनेक वरिष्ठ थांबतात, कारण आकडे त्यांना सिद्धच वाटतात. या उदाहरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र आकड्यांतच दडलेली आहे. दुरुस्तीवेळ स्लिपपासून मोजली जाते, मशीन थांबल्यापासून नव्हे. आणि स्लिप फाडतो ऑपरेटर. ज्या अभियंत्याला बोलावले की चारचौघांत पाणउतारा होतो, त्याला बोलावण्याआधी ऑपरेटर स्वतः खटपट करतो, शेजारच्याला विचारतो, कधी शिफ्ट संपण्याची वाट पाहतो. सीएनसी मशीनच्या नियंत्रकात प्रत्येक अलार्मची तारीख-वेळ साठलेली असते. ती आणि स्लिपवरची वेळ यांची तुलना केली असता, समजा, इतर अभियंत्यांच्या पाळीत हे अंतर सरासरी ६ मिनिटे आणि याच्या पाळीत १४ मिनिटे निघते. म्हणजे मशीन थांबल्यापासून सुरू होईपर्यंत इतरांकडे ५४ मिनिटे जातात आणि याच्याकडे ४८. तो अजूनही सरस आहे, परंतु १४ मिनिटांनी नव्हे, ६ मिनिटांनी. उरलेल्या ८ मिनिटांची किंमत त्याच्या रकान्यात न दिसता लाईनच्या रकान्यात दिसते. अर्थात अशा फरकाला दुसरेही कारण असू शकते, उदाहरणार्थ रात्री ऑपरेटरांची संख्या कमी असणे. शिफ्ट फिरत्या असल्यामुळे हे पडताळता येते: तोच अभियंता सकाळच्या पाळीत असतानाही अंतर तेवढेच राहत असेल आणि रात्री दुसरा असताना ते कमी होत असेल, तर कारण वेळेत नसून माणसात आहे.

आता बैठक. तिच्यात वेतनवाढीची चर्चा न आणणे बरे. मेयर, के आणि फ्रेंच यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अभ्यासावरून १९६५ सालीच मांडले होते की पगाराचा निर्णय आणि सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत आली की माणूस स्वतःच्या बचावात गुंततो. चांगल्या कामाचा उल्लेख पहिल्यांदा, सविस्तर आणि ‘पण’ न जोडता व्हावा, इंटरलॉकच्या प्रसंगासह. त्यानंतर एकेक घटना तारखेसह सांगावी, तिचा परिणाम सांगावा आणि गप्प बसावे. बहुधा उत्तर येते, “सर, मशीन चालू झालं की नाही ते बघा ना, गोड बोलायला मला कंपनीनं ठेवलंय का?” या वाक्याला नीतीचे उत्तर देण्यात अर्थ नसतो. त्याला अलार्मची यादी दाखवता येते: “तुमची ३४ मिनिटं खरी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्हाला फोन यायच्या आधीच मशीन १४ मिनिटं बंद असतं. इतरांच्या बाबतीत ते सहा मिनिटांत कळवलं जातं. असं का होत असेल, तुम्हाला काय वाटतं?” महिन्याला १५ ब्रेकडाऊन धरले तर हा फरक १२० मिनिटांचा, म्हणजे दर महिन्याला लाईनचे दोन तास. आपल्याच कौशल्याचा फायदा कारखान्याला पूर्ण मिळत नाही, ही मांडणी अभियंत्याला स्वभावावरच्या प्रवचनापेक्षा लवकर पटते. त्याची बाजूही खरोखर ऐकावी लागते: ऑपरेटर अलार्म नंबर न पाहताच फोन करतात, रजिस्टर भरण्याच्या वेळी तो दुसऱ्या लाईनवर अडकलेला असतो, अशा अडचणी खऱ्या निघाल्या तर त्यांची दुरुस्ती वरिष्ठाकडे येते.

गुण देताना एक पथ्य पाळावे लागते. वागणुकीला किती वजन आहे हे एप्रिलमध्ये जाहीर केलेले नसेल, तर मार्चमध्ये ते शोधून काढून गुण कापणे अन्यायाचे होते, वागणूक कितीही खटकणारी असो. वजन जाहीर असेल, समजा उद्दिष्टांना ८० टक्के आणि वागणुकीला २० टक्के, तर उद्दिष्टांचे ५ पैकी ५ आणि वागणुकीचे ५ पैकी २ असे लिहून एकूण ४.४ देणे योग्य ठरते. दोन्ही मिळून गोळाबेरजेचा ३.५ लिहिला तर अभियंत्याला नेमके काय सांगितले गेले हे कधीच कळत नाही. शेरा त्याला वाचायला मिळायलाच हवा. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे असे ठरवले. खासगी कंपनीला तो निर्णय तसाच लागू होत नसला, तरी त्यामागचे तत्त्व लागू होण्यास हरकत नाही. सहीखाली ‘वाचले’ असे लिहावे, ‘मान्य’ नव्हे, आणि त्याच्या म्हणण्यासाठी जागा सोडावी.

पुढच्या सहा आठवड्यांसाठी दोनच गोष्टी ठरवल्या तर त्या तपासता येतात: रजिस्टर रोज भरणे आणि ऑपरेटरची चूक लाईनवर न बोलता शिफ्ट संपल्यावर बाजूला घेऊन सांगणे. पण येथे एक पेच आधीच ओळखून कागदावर आणावा लागतो. वागणूक सुधारली की ऑपरेटर बारीकसारीक बिघाडांसाठीही त्याला बोलावू लागतात, पूर्वी नोंदले न जाणारे थांबे स्लिपवर येतात आणि त्याच्या पाळीतील ब्रेकडाऊनची संख्या वाढलेली दिसते. अनेक कारखान्यांत ही संख्याही केआरएत असते. त्यामुळे त्या सहा आठवड्यांत स्लिपांची संख्या त्याच्या विरुद्ध धरली जाणार नाही आणि मोजमाप अलार्मपासून मशीन सुरू होईपर्यंतच्या एकूण वेळेचे होईल, हे वरिष्ठाने बैठकीतच लेखी द्यावे. नाहीतर पुढच्या मार्चमध्ये हाच अभियंता अधिक चांगले वागून कमी गुण मिळवेल.